सव्वादोन आणि पावणेतीन: पाव लाइनचा चुकलेला हिशेब आणि तरीही जुळलेला ताळा

पार्श्वभूमी

डिसेंबर २०२२. सोलापुरात हुरड्याचे दिवस आणि कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ओळखीतून जमलेल्या बारा जणांनी उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत अंदाजांची स्पर्धा लावली. पैसे नव्हते, प्रवेश शुल्कही नव्हतं. प्रत्येकाला कागदावर १,००० गुण आणि जिंकणाऱ्याला हुरडा पार्टीत पहिलं ताट. जुगाराबद्दल महाराष्ट्रात १८८७ चा कायदा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानेही बंदी आहे. त्यामुळे या लेखात 'लावले' म्हणजे गुण लावले, एवढाच अर्थ घ्यावा. माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

स्पर्धेचा नियम थोडक्यात असा. प्रत्येक सामन्याला एकूण गोलांची एक लाइन ठरायची, २.२५ किंवा २.७५. सामना सुरू होण्याआधी प्रत्येकाने १०० गुण ओव्हरवर (लाइनपेक्षा जास्त गोल) किंवा अंडरवर (लाइनपेक्षा कमी) लावायचे. भाव दोन्हीकडे एकच, १.९०. म्हणजे १०० लावून पूर्ण जिंकलं तर १९० परत येतात, निव्वळ कमाई ९०. या लाइन गटाने स्वतःच ठरवल्या होत्या, कुठल्या बाजारातून उचललेल्या नव्हत्या.

हिशेब कारखान्याच्या मुनीमकाकांकडे. तीस वर्षं रोजमेळ लिहिलेला माणूस, संगणकावरच्या तक्त्यातही तयार. या प्रकरणात चुकलं ते त्यांच्याच तक्त्यात, आणि ते इतका वेळ लपून राहिलं तेही त्यांच्याच एका चांगल्या सवयीमुळे.

पाव लाइन म्हणजे नेमकं काय

सव्वादोन गोल कुणी मारत नाही. नाक्यावरच्या चहाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी हा प्रश्न आला होता: "काका, सव्वादोन गोल कोण मारतंय ओ?" काकांनी उत्तर दिलं, "दोन झाले तर कमी, तीन झाले तर जास्त. सोपंय." हे उत्तर अडीचच्या लाइनला लागू पडतं. सव्वादोनला पडत नाही.

पाव लाइन ही मुळात एक लाइन नसतेच. ती शेजारच्या दोन लाइनींची जोडी असते आणि लावलेले गुण दोघींत निम्मेनिम्मे वाटले जातात. २.२५ वर १०० लावले म्हणजे ५० गुण २.० च्या लाइनवर आणि ५० गुण २.५ च्या लाइनवर. २.७५ वर लावले तर ५० गुण २.५ वर आणि ५० गुण ३.० वर. पावती एक, पण आत दोन चिठ्ठ्या, आणि दोघींचा निकाल स्वतंत्रपणे लावायचा.

निकाल लावताना पूर्ण आकड्याची लाइन आणि अर्ध्याची लाइन वेगळ्या वागतात. २.५ ला अधलंमधलं काही नाही; गोल दोन असोत की तीन, एक बाजू जिंकते आणि एक हरते. २.० ला मात्र बरोबर दोन गोल झाले तर कुणीच जिंकत नाही, लावलेले गुण जसेच्या तसे परत येतात. या दोन स्वभावांची सांगड घातली की पाव लाइनचे 'अर्धी जीत' आणि 'अर्धी हार' हे प्रकार तयार होतात.

ही सोय कशासाठी, तेही पाहू. बरोबर दोन गोल झाले तर २.० वर ओव्हरवाल्याला सगळं परत मिळतं आणि २.५ वर त्याचं सगळं जातं. एवढ्या मोठ्या उडीच्या मध्ये एक पायरी म्हणून २.२५ येते, तिथे निम्मं जातं. काही ठिकाणी ही लाइन 2, 2.5 किंवा 2/2.5 अशी लिहितात. ती पद्धत जास्त प्रामाणिक आहे, कारण तिच्यात दोन चिठ्ठ्या डोळ्यांना दिसतात. '2.25' या आकड्यात त्या लपतात.

१०० गुण आणि १.९० भाव धरून दोन्ही लाइनींचा पूर्ण निकाल असा (आकडे निव्वळ कमाई किंवा तोट्याचे):

| एकूण गोल | २.२५ ओव्हर | २.२५ अंडर | २.७५ ओव्हर | २.७५ अंडर |
|---|---|---|---|---|
| ० किंवा १ | −१०० | +९० | −१०० | +९० |
| २ | −५० | +४५ | −१०० | +९० |
| ३ | +९० | −१०० | +४५ | −५० |
| ४ किंवा जास्त | +९० | −१०० | +९० | −१०० |

एक रकाना सोडवून पाहू. २.७५ ओव्हर, गोल तीन. २.५ ची चिठ्ठी जिंकली, ५० चे ९५ झाले. ३.० ची चिठ्ठी बरोबरीत, ५० परत. हातात १४५ आले, लावले होते १००, कमाई ४५. इथे बरेच जण अडखळतात. अर्धी जीत म्हणजे १९० च्या निम्मे ९५, असा हिशेब गटातल्या एकाने मांडला होता. म्हणजे जिंकूनही पाच गुणांचा तोटा! निम्मी होते ती कमाई. लावलेल्या गुणांपैकी अर्धे जिंकून येतात आणि अर्धे नुसते परत येतात.

आता तक्त्यातल्या आडव्या ओळी पाहा. ० किंवा १ आणि ४ किंवा जास्त या ओळींत पाव लाइन अडीचसारखीच वागते. २.२५ चं वेगळेपण फक्त दोन गोलांच्या ओळीत दिसतं आणि २.७५ चं फक्त तीनच्या. चूक लपायला जागा असते ती एवढ्या दोन ओळींत.

अडचण

मुनीमकाकांच्या तक्त्यात ओव्हरवाल्यांसाठी निकालाचं सूत्र असं होतं:

```
=IF(C2>B2, D2*(E2-1), -D2)
```

B2 मध्ये लाइन, C2 मध्ये गोल, D2 मध्ये लावलेले गुण, E2 मध्ये भाव. अंडरसाठी याच्या उलट. गोल लाइनपेक्षा जास्त असतील तर पूर्ण जीत, नसतील तर पूर्ण हार. सूत्र चालतं, चूक झाल्याचा इशारा देत नाही आणि चारपैकी तीन ओळींत उत्तर बरोबर देतं.

उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने ९ आणि १० डिसेंबरला झाले. त्यातले दोन आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाले, त्यामुळे गोलांचे आकडे काकांनी सकाळी टीव्हीवर झळकणाऱ्या निकालावरून भरले. गटातले एक सर (इथे त्यांना ओव्हरवाले सर म्हणू) प्रत्येक सामन्यात ओव्हर घेत होते, आणि त्यांचा शेजारी प्रत्येक सामन्यात अंडर. दोघांची खाती समोरासमोर ठेवली की सगळं प्रकरण उलगडतं, म्हणून इथे तेवढीच घेतली आहेत.

क्रोएशिया–ब्राझील, लाइन २.२५, टीव्हीवर १–१, म्हणून गोल २: सर −१००, शेजारी +९०. नेदरलँड्स–अर्जेंटिना, लाइन २.७५, २–२, गोल ४: सर +९०, शेजारी −१००. मोरोक्को–पोर्तुगाल, लाइन २.२५, १–०, गोल १: सर −१००, शेजारी +९०. इंग्लंड–फ्रान्स, लाइन २.७५, १–२, गोल ३: सर +९०, शेजारी −१००.

चार सामन्यांनंतर दोघेही ९८० वर. काकांनी सवयीप्रमाणे ताळा केला. समोरासमोरच्या प्रत्येक जोडीत एकाला ९० मिळतात आणि दुसऱ्याचे १०० जातात, म्हणजे दर सामन्याला दहा गुण गळायला हवेत. चार सामन्यांचे चाळीस. २,००० मधून ४० वजा १,९६०, आणि ९८० अधिक ९८० म्हणजेही १,९६०. ताळा जुळला. काकांनी वही मिटली.

इंग्लंड–फ्रान्सच्या निकालावर बोट ठेवलं ते कारखान्यातल्या एका तरुण कामगाराने. तो फुटबॉल नियमित पाहायचा. रविवारी सकाळी चहावर तो म्हणाला, "काका, तीन गोलांवर पावणेतीनला पूर्ण नव्वद कसे ओ? निम्मेच मिळायला पाहिजेत." काकांचं उत्तर ठरलेलं होतं: "ताळा जुळतोय की!"

हिशेब लिहिणाऱ्यांना हा सापळा तसा ओळखीचा आहे. नावे आणि जमा जुळले म्हणजे बेरीज बरोबर आहे, एवढंच सिद्ध होतं. नोंद कोणत्या तत्त्वावर केली ते ताळा विचारत नाही. दोन्ही बाजूंना एकच चुकीचा नियम लावला तर चूक दोन्हीकडे सारखी बसते आणि बेरीज हसत जुळते. अर्धा निकाल लागतो तेव्हा गळती दहा नसून पाच असायला हवी (एकाचे ४५ येतात, दुसऱ्याचे ५० जातात). चार सामन्यांत गळती पूर्ण चाळीस भरली, म्हणजे तक्त्याच्या मते एकही अर्धा निकाल लागला नव्हता. इंग्लंड–फ्रान्सची लाइन पावणेतीन आणि गोल तीन असताना हे शक्यच नव्हतं. शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं, पण तशी शंका घेण्यासाठी अपेक्षित आकडा आधी माहीत असावा लागतो.

पहिला निर्णय: मागचं दुरुस्त करायचं का

सूत्र चुकलं आहे हे काकांनी दहा मिनिटांत मान्य केलं. पुढे काय, यावर मात्र चहाचे तीन कप झाले. तीन मतं पुढे आली.

एक म्हणजे झालं ते झालं, उपांत्य फेरीपासून नवं सूत्र लावू. भांडण टाळायचं असेल तर हा सोपा मार्ग, पण स्पर्धेच्या अर्ध्या भागाला एक नियम आणि अर्ध्याला दुसरा असं झालं असतं. दुसरं मत, पाव लाइन सोडून द्या, सगळीकडे अडीच ठेवा. हे मत मांडणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण भाव दोन्हीकडे १.९० वर गोठवलेला असताना लाइनच्या बारीक पायऱ्यांचा निम्मा उपयोग वाया जातोच. पण लोकांनी गुण लावले तेव्हा पाटीवर २.७५ लिहिलं होतं. नंतर ते २.५ वाचायचं म्हणजे लावलेली गोष्टच बदलायची. तिसरं मत, चारही सामन्यांचा हिशेब पहिल्यापासून पुन्हा करायचा.

तिसरं मान्य झालं. कारण साधं होतं: लाइन सामन्याआधी सगळ्यांसमोर लिहिलेली होती आणि तिचा अर्थ ठरलेला होता. चुकलं ते फक्त तो अर्थ सूत्रात उतरवताना. ओव्हरवाल्या सरांचं यात नुकसान होणार हे दिसत होतं आणि त्यांनी नाराजी लपवली नाही, पण हात वर केला.

दुरुस्ती

नवं सूत्र काका आणि तो तरुण यांनी मिळून लिहिलं. दोन चिठ्ठ्या वेगळ्या रकान्यांत दिसाव्यात ही काकांची अट होती, आणि ती योग्य होती. सगळं एका ओळीत कोंबलं की चूक शोधायला जागा राहत नाही.

```
G2: =IF(MOD(B2*4,2)=1,0.25,0)
H2: =F2*(C2-(B2-G2))
I2: =F2*(C2-(B2+G2))
J2: =ROUND(D2/2*(IF(H2>0,E2-1,IF(H2<0,-1,0))
     +IF(I2>0,E2-1,IF(I2<0,-1,0))),0)
```

F2 मध्ये ओव्हर असेल तर 1 आणि अंडर असेल तर -1. G2 ठरवतं की लाइन पाव आहे का. २.२५ ला चारने गुणलं की ९ येतात, विषम, म्हणजे पाव लाइन. २.५ चे १० होतात, सम, तिथे फाटा फुटत नाही आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच लाइनवर बसतात. H2 आणि I2 हे दोन चिठ्ठ्यांचे निकाल: धन आला तर जिंकली, ऋण आला तर हरली, शून्य आला तर गुण परत. J2 मध्ये निव्वळ कमाई किंवा तोटा.

जुन्या सूत्रात नसलेली गोष्ट म्हणजे शून्याची वेगळी वाट. जुन्या सूत्राला 'जास्त' आणि 'जास्त नाही' एवढंच कळत होतं. आणि शून्य येऊ शकतं फक्त पूर्ण आकड्याच्या चिठ्ठीत. २.२५ सरळ वापरलं की गोल वजा लाइन कधीच शून्य होत नाही, म्हणून सूत्राला तिसऱ्या वाटेची गरजच भासली नव्हती.

पूर्णांक करण्याचा प्रश्नही इथेच मिटवला. उद्या १०० ऐवजी कुणी ७५ गुण लावले तर चिठ्ठ्या ३७.५ च्या होतात. प्रत्येक चिठ्ठी आधी ३८ केली तर ७६ गुण लावल्यासारखं होतं, एक गुण हवेतून येतो. म्हणून अपूर्णांक तसाच चालू द्यायचा आणि शेवटच्या J रकान्यातच एकदा पूर्णांक करायचा, असं ठरलं.

दुसरी अडचण, पहिलीच्या पोटातली

सूत्र बदललं, तक्त्याने पुन्हा हिशेब केला आणि सगळे चकित झाले. इंग्लंड–फ्रान्स अपेक्षेप्रमाणे बदललं: सर +४५, शेजारी −५०. पण क्रोएशिया–ब्राझीलही बदललं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. तिथे आता सर −५० आणि शेजारी +४५ दिसत होते. दोघेही ९८५ वर.

शेजारी लगेच म्हणाला, "माझे नव्वदचे पंचेचाळीस कसे झाले? नव्वद मिनिटांत एक गोल नव्हता तिथे!"

त्याचं बरोबर होतं. क्रोएशिया–ब्राझील सामना नियमित वेळेत ०–० होता. नेमारचा गोल आणि पेटकोविचचा बरोबरीचा गोल हे दोन्ही जादा वेळेतले, आणि मग क्रोएशिया पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकलं. एकूण गोलांच्या लाइनचा रूढ नियम म्हणजे नियमित ९० मिनिटं आणि पंचांनी त्यात जोडलेला वेळ धरायचा. जादा वेळेची ३० मिनिटं आणि शूटआउट धरायचं नाही. म्हणजे C2 मध्ये २ च्या जागी ० हवं होतं. काकांनी टीव्हीवरचा १–१ जसाच्या तसा भरला होता.

ही चूक आधी का दिसली नाही? जुन्या सूत्राच्या दृष्टीने २ आणि ० यांत फरकच नव्हता, दोन्ही २.२५ पेक्षा कमी, दोन्हीला अंडर पूर्ण जिंकलेलं. आत गेलेला आकडा चुकीचा, सूत्र चुकीचं, आणि बाहेर आलेलं उत्तर मात्र बरोबर. एक चूक दुरुस्त केल्यावर दुसरी उघडी पडली. सूत्र बदलल्यावर नेमक्या ज्या ओळी बदलायला हव्यात त्याच बदलल्या का, हे तपासायची सवय असेल तर अशी चूक तिथेच पकडता येते. इथे ती पकडली गेली ती शेजाऱ्याचं नुकसान झालं म्हणून.

दुसरा निर्णय: नव्वद की एकशेवीस

इथे गट खरोखर अडचणीत आला, कारण पाटीवर लाइन लिहिली होती पण वेळ लिहिली नव्हती. ओव्हरवाल्या सरांना १२० मिनिटं धरली तर −५० आणि ९० धरली तर −१००. त्यांचा युक्तिवाद असा, की नियम लिहिला नसेल तर सामना संपला तेव्हाचा निकालच खरा. सामान्य प्रेक्षकाला हे पटण्यासारखं आहे.

दुसऱ्या बाजूने तरुणाचा मुद्दा असा, की 'आशियाई लाइन' हा अशा पाव लाइनसाठी रूढ असलेला शब्द पाटीवर होता, आणि त्या शब्दाबरोबर ९० मिनिटांचा रिवाज आपोआप येतो. शिवाय बाद फेरीतल्या काही सामन्यांना १२० मिनिटं मिळतात आणि काहींना नाहीत, मग एकाच लाइनचा अर्थ सामन्यागणिक बदलणार. गटाने ९० मिनिटं आणि जोडलेला वेळ हा नियम मान्य केला. निकाल सोपा व्हायला एक योगायोगही कारणीभूत ठरला: ०–० धरल्यावर क्रोएशिया–ब्राझीलचे आकडे पहिल्या दिवशी वहीत लिहिलेलेच राहत होते, त्यामुळे त्या सामन्यापुरतं तरी कुणाच्या खात्यातून काही काढून घ्यावं लागलं नाही. तो योगायोग नसता तर वाद इतक्या लवकर मिटला असता असं वाटत नाही.

मग नेदरलँड्स–अर्जेंटिनावर बोट आलं. कुणीतरी म्हणालं, वेगहोर्स्टचा दुसरा गोल तर १०१ व्या मिनिटाला झाला, मग तोही जादा वेळेतला! तो गोल धरला नाही तर गोल तीन, आणि २.७५ वर तीन म्हणजे अर्धा निकाल. धरला तर चार, पूर्ण निकाल. हा गोल ९०+११ असा नोंदलेला आहे. अधिकचं चिन्ह असलं की तो त्या सत्राला जोडलेला वेळ, म्हणून तो मोजायचा. घोटाळा होतो तो नेमारच्या गोलासारख्या ठिकाणी. तो १०५+१ असा नोंदलेला आहे. तिथेही अधिकचं चिन्ह आहे, पण जोड १०५ ला आहे, म्हणजे जादा वेळेच्या पहिल्या सत्राला. पाहायचं ते अधिकच्या आधीचा आकडा: ४५ किंवा ९० असेल तर मोजा, १०५ किंवा १२० असेल तर सोडा.

परिणाम

दोन्ही दुरुस्त्यांनंतर उपांत्यपूर्व फेरीअखेर सर ९३५ आणि शेजारी १,०३०. दुरुस्तीआधी दोघं ९८० वर बरोबरीत होते, आता मध्ये ९५ गुणांचं अंतर पडलं. ताळा: तीन पूर्ण निकालांचे तीस आणि एका अर्ध्याचे पाच, एकूण गळती ३५, आणि २,००० वजा ३५ म्हणजे १,९६५. जुळला, आणि या वेळी आधी अपेक्षा लिहून मग जुळवला.

पुढचे सामने सुरळीत गेले. अर्जेंटिना–क्रोएशिया ३–०, लाइन २.२५, सरांना पूर्ण ९०. फ्रान्स–मोरोक्को मात्र रंगला, लाइन पुन्हा २.२५. थिओ हर्नांडेझने पाचव्या मिनिटाला गोल केला आणि ७८ मिनिटांपर्यंत १–० च राहिलं, तोवर अंडरवाल्यांच्या खात्यात मनातल्या मनात ९० जमा झाले होते. ७९ व्या मिनिटाला कोलो मुआनीचा गोल झाला. त्या एका गोलाने अंडरचे ९० चे ४५ झाले आणि ओव्हरचा तोटा १०० वरून ५० वर आला. जिंकणारी बाजू तीच राहिली, फक्त आकडे बदलले. अडीचच्या लाइनवर या गोलाने काहीच बदललं नसतं. पाव लाइन पाहणाऱ्याला कोणत्या गोलाची धास्ती असते ते इथे कळतं. या सामन्यानंतर सर आणि शेजारी दोघेही ९७५ वर आले.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना, क्रोएशिया २–१ मोरोक्को, लाइन २.७५, पुन्हा अर्धा निकाल. अंतिम सामन्याला लाइन २.२५ होती, ९० मिनिटांअखेर २–२, गोल चार, ओव्हर पूर्ण. टीव्हीवरचा ३–३ भरला असता तरी निकाल तोच आला असता, पण काकांनी ४ च भरले. शेवटी सर १,११० आणि शेजारी ८२५. आठ सामन्यांत पाच पूर्ण आणि तीन अर्धे निकाल, गळती ६५, बेरीज १,९३५. जुनं सूत्र तसंच चालू राहिलं असतं तर सर १,१५० आणि शेजारी ७७० असते, आणि ताळा तेव्हाही जुळलाच असता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चुकलेली संधी आपल्या भाषेतच होती. पाटीवर २.२५ आणि २.७५ असं लिहिलं, बोलताना मात्र सगळे सव्वादोन आणि पावणेतीन म्हणत होते. या नावांत निर्णायक आकडा उघड ऐकू येतो. सव्वा*दोन*: बरोबर दोन गोल झाले की अर्धा निकाल. पावणे*तीन*: बरोबर तीन झाले की अर्धा निकाल. बाजू कोणती, तेही शब्दातच आहे. सव्वादोन दोनच्या वर आहे, म्हणून दोन गोल लाइनच्या खाली पडतात, ओव्हर अर्धा हरतो. पावणेतीन तीनच्या खाली आहे, म्हणून तीन गोल लाइनच्या वर जातात, ओव्हर अर्धा जिंकतो. पावणेदोन, सव्वातीन, पावणेचार, सगळीकडे हेच चालतं. २.७५ या लिखाणात तीन कुठेच दिसत नाही, म्हणून तो आकडा वाचणाऱ्याचं मन दोन-अडीचकडे ओढलं जातं.

दुसरं, सूत्र तपासायला चार सामने वाट पाहायची गरज नव्हती. वरच्या तक्त्यातल्या चार ओळी दोन लाइन आणि दोन बाजूंसाठी आधी हाताने लिहून सूत्राला दिल्या असत्या तर दोन गोलांच्या ओळीत सूत्र लगेच उघडं पडलं असतं. सगळ्या सोळा रकान्यांचा वेळ नसेल तर नावातला आकडा तेवढा तपासावा, बाकीच्या ओळींत चुकीचं सूत्रही बरोबर वागतं.

तिसरं, गोलांचा रकाना 'नव्वद मिनिटांअखेर गोल' या नावाने हवा होता आणि टीव्हीवरचा अंतिम निकाल शेजारच्या वेगळ्या रकान्यात. दोन आकडे वेगळे दिसले की भरणारा थांबतो.

आणि १.९० चा गोठवलेला भाव. काकांना तो हिशेबाला सोपा म्हणून हवा होता, पण भाव हलवायचा नसेल तर लाइन तरी सामन्यागणिक नीट हलवावी लागते. आठ सामन्यांत दोनच लाइन आलटून पालटून वापरल्या, त्यामुळे प्रत्येक वेळी ओव्हर घेणाऱ्या सरांना फारसं डोकं चालवावं लागलं नाही. हे शेजाऱ्याचं मत, आणि हुरड्याचं पहिलं ताट समोरच्याला गेल्यावर दिलेलं, हे लक्षात घेऊनही त्यात तथ्य आहे.

पुढच्या स्पर्धेसाठी काकांनी तक्त्याच्या माथ्यावर चार ओळी कायमच्या ठेवल्या आहेत: सव्वादोन आणि दोन गोल, पावणेतीन आणि तीन गोल, दोन्ही बाजूंनी. त्यांच्या J रकान्यात −५०, +४५, +४५, −५० दिसलं नाही तर खालच्या ओळी भरायच्या नाहीत.